तोडणाऱ्याच्या हातातही वजनाचा कागद द्या

प्रति,
मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि राज्यातल्या सर्व सहकारी व खासगी साखर कारखान्यांची संचालक मंडळे यांस,

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात किराणा दुकान चालवतो. मी कारखान्याचा कामगार नाही, वाहतूकदार नाही, कुठल्या संघटनेचा पदाधिकारीही नाही. माझं दुकान कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, एवढाच या विषयाशी माझा संबंध. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, जत, पाथर्डीकडच्या टोळ्या आमच्या शिवारात उतरतात आणि पाच महिने त्यांचं तेल-मीठ माझ्याकडून जातं. या व्यवहारामुळे त्यांचा हिशोब मला आतून पाहायला मिळाला. त्या हिशोबात एक भोक आहे, ते बुजवणं आपल्या हातात आहे आणि त्याला फारसा खर्चही नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

ऊसतोडीच्या मजुरीची चर्चा होते ती दराची. संप होतात, बैठका होतात, टनाला किती रुपये यावर रात्री जागतात. २०२०च्या करारात दर २३९ रुपये ५० पैशांवरून २७३ रुपयांपर्यंत गेला. जानेवारी २०२४मध्ये ३४ टक्के वाढ होऊन तो ३६६ झाला. हे सगळं वर्तमानपत्रात छापून येतं आणि शिवारात कोपी म्हणजे झोपडी घालून राहणाऱ्या तोडणाऱ्यालाही तोंडपाठ असतं. पण मजुरी म्हणजे दर गुणिले टन. दर त्याला माहीत असतो, टन माहीत नसतो. ऊस तो तोडतो, मोळ्या तो बांधतो, डोक्यावरून ट्रॉलीत तो भरतो, आणि त्याचं वजन किती भरलं हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळतं. ज्याच्या शेतातला ऊस असतो त्या शेतकऱ्याला मात्र पावती मिळते आणि बऱ्याच कारखान्यांत वजन होताच मोबाईलवर मेसेजही जातो.

हे मला नीट समजलं ते २०१९-२०च्या हंगामात. त्या हंगामातलं एक पत्र गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हाती आलं. ते पत्र काय होतं आणि कशामुळे लिहिलं गेलं, हे सांगितल्याशिवाय माझी मागणी आपल्याला पटणार नाही.

ऑगस्ट २०१९चा महापूर आपल्या सगळ्यांच्या लक्षात असेल. माझ्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. साखरेची पोती, तांदूळ, डाळी, साबणाचे खोके, सगळं गेलं. उधारीच्या जुन्या वह्यांचा लगदा झाला, त्यातली येणी कुणाकडे किती हे सांगायलाही काही उरलं नाही. दुकान पुन्हा उभं केलं ते पाहुण्यांकडून हातउसने घेऊन. हंगामही त्या साली उशिरा, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला. नदीकाठचा ऊस बुडून कुजलेला, शेंडे वाळलेले. अशा उसाला वजन भरत नाही. टोळ्या आल्या आणि नेहमीप्रमाणे टोळी जमवून आणणारा मुकादम म्हणाला, "माझ्या नावावर माल द्या, पंधरवड्याला भागवतो."

त्या साली डोळे झाकून उधारी द्यायची माझी ऐपत नव्हती. टोळी आठवड्याला कमावते किती हे कळलं, तर किती उधारी सोसेल हे मला ठरवता येणार होतं. म्हणून मी त्यांच्या खात्याच्या पानामागे टनेज टिपायला सुरुवात केली. यात उपकाराचा भाग नव्हता, धंद्याची गरज होती.

ते सोपंही होतं. टोळीला लावलेल्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर काट्यावरून परतताना माझ्या दुकानापुढे थांबायचा. त्याच्या खिशात खेपेची पावती असायची. पावतीवर तीन वजनं असतात : भरलेल्या गाडीचं, रिकाम्या गाडीचं आणि त्यांतला फरक म्हणजे निव्वळ वजन. समजा भरलेली गाडी २६.१८० टन आणि रिकामी ८.५४० टन, तर ऊस १७.६४० टन. मी तारीख, पावती क्रमांक आणि निव्वळ वजन तेवढं उतरवून घ्यायचो.

दुकानात माल न्यायला टोळीतली एक मुलगी यायची. शिरूर कासार तालुक्यातली, सातवीत शिकणारी. आईबाप तोडीला आले तसं तिला धाकट्या भावाला सांभाळायला आणलं होतं. पहिल्यांदा तिने मला वहीच्या मागच्या पानावर लिहिताना पाहिलं तेव्हा विचारलं, "मामा, हे काय लिव्हता?" मी सांगितलं, तुमचा ऊस. तिला टिंबाच्या पुढचे आकडे कळेनात. मी म्हटलं, टिंबाच्या पुढे तीन आकडे म्हणजे किलो, सतरा टिंब सहाशे चाळीस म्हणजे सतरा टन सहाशे चाळीस किलो. दुसऱ्या दिवसापासून ती रोज विचारू लागली, "काल किती टन झालं?" आणि कोपीवर जाऊन बापाला सांगू लागली. काही दिवसांनी तिने स्वतःची एक वही केली. वाढ्याच्या पैशातून घेतली होती. शेतात तोडीनंतर उरलेलं वाढं गावातले म्हैसवाले विकत घेतात, त्याचे रोख दहा-वीस रुपये हीच कोपीतली रोजची चिल्लर असते.

जानेवारीत ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीचा आस मोडला. दुरुस्ती होईपर्यंत गटातून दुसऱ्या वाहतूकदाराचा ट्रॅक्टर आला. पुढे मार्चमध्येही एकदा असंच झालं. हा बदली ड्रायव्हर माझ्याकडे थांबत नसे. पण आदल्या दिवसाची पावती खिशात ठेवून तो सकाळी फडात भरायला यायचा, आणि ही मुलगी त्याच्याकडून पावती मागून घेऊन पेनाने तळहातावर नंबर आणि वजन लिहून घ्यायची. घामाने पुसायच्या आत पळत दुकानात यायची आणि हात माझ्यासमोर धरायची. मी उतरवून घ्यायचो. अशा सात खेपा झाल्या.

मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. कारखाना तरी आठ-दहा एप्रिलपर्यंत चालू राहिला. ऊस संपला, गाळप थांबून पट्टा पडला, पण टोळ्यांना गावी जाता येईना. जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या. शेवटी १७ एप्रिलला सरकारने परवानगी दिली आणि कारखान्यांच्या आसपास अडकलेले सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड कामगार तपासणी करून गावाकडे रवाना झाले. आमच्या शिवारातल्या टोळीचा हिशोब त्याआधी, कोप्यांपुढच्या मोकळ्या जागेत झाला. मी दुकानाच्या ठरलेल्या वेळेनंतर माझी उधारी मागायला गेलो होतो, म्हणून तिथे होतो.

टोळीत दहा कोयते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्याला सांगायला नको. मुकादमाने खिशातून कागद काढला. त्याच्या कागदावर टोळीचं हंगामाचं टनेज होतं २,४३७.७६०. म्हणजे कोयत्याला २४३.७७६ टन, आणि २३९.५० रुपये दराने ५८,३८४ रुपये. प्रत्येक कोयत्याने दसऱ्याला ५० हजार आगाऊ उचल घेतलेली, हंगामात रोजच्या खर्चासाठी १० हजार खर्ची. एकूण ६० हजार. मुकादम म्हणाला, "सोळाशे सोळा रुपये अंगावर राहिले. पुढल्या साली वळते करू."

रक्कम छोटी वाटेल. पण उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावं लागतं. मागचं फेडायला पुन्हा उचल, उचल फेडायला पुन्हा तोड. घरी आजारपण असो, पोरीची शाळा असो, बाई गरोदर असो, "अंगावर पैसे आहेत" या एका वाक्यापुढे काही चालत नाही. सोळाशे रुपयांसाठी पुढच्या दसऱ्याचा शब्द आजच जातो.

तेव्हा त्या मुलीने वही आणली. बापाने ती मुकादमापुढे धरली आणि म्हणाला, "आमच्या वहीत जास्त हाय." मुकादम चिडला. त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण वहीवर माझ्याकडच्या नोंदी आहेत असं मुलीने सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे पावती नंबर आहेत, ताडून बघा. एकेक तारीख लावली. बाकी सगळ्या खेपा जुळल्या, फक्त सात जुळेनात. त्या सातही बदली ट्रॅक्टरच्या.

मुकादमाने टन चोरले होते का? नाही, आणि हे स्पष्ट लिहिणं माझं कर्तव्य आहे. काट्यावर संगणकात खेप चढते ती वाहनाच्या कोडवर. तो कोड वाहतूकदाराच्या कराराला जोडलेला असतो आणि पंधरवड्याचं तोडणी-वाहतुकीचं बिल त्याच करारावर निघतं. ट्रॅक्टर बदलला की कोड बदलला, म्हणून त्या सात खेपांची तोडणी दुसऱ्या वाहतूकदाराच्या बिलात जाऊन बसली. आमच्या मुकादमाला कारखान्याकडून जो गोषवारा आला त्यात त्या नव्हत्याच. त्याचं स्वतःचं कमिशनसुद्धा टनावरच असतं, म्हणजे तोही तेवढा बुडाला होता आणि त्याला पत्ता नव्हता.

फडावर तोडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला फोन झाला. त्याने गट कार्यालयातल्या क्लार्कला फोन लावला, मी वहीच्या पानाचे फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लार्कने सातही पावत्या दुसऱ्या कोडवर सापडल्याचं कळवलं. १२२.६४० टन. दोन्ही वाहतूकदार एकमेकांच्या ओळखीचे, त्यांनी फोनवर मिटवलं. टोळीचं टनेज २,५६०.४०० झालं, कोयत्याला २५६.०४०, मजुरी ६१,३२१ रुपये. सोळाशे सोळा देणं होतं तिथे तेराशे एकवीस घेणं निघालं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत टोळी गेली. पहाटेच्या गाड्या, तोंडाला फडकी, बैठकीची आखणी, पोलिसांची यादी. मी निरोपालाही गेलो नाही, कोणी जाऊ देत नव्हतं. आदल्या संध्याकाळी मुलगी दुकानात येऊन गेली होती, मी मागे गोदामात होतो. माझ्या पत्नीने तिच्याकडून उधारीचे पैसे घेतले आणि तिने दिलेला कागद वहीच्या प्लॅस्टिकच्या वेष्टणात सरकवला. त्या दिवसांत दुकानापुढच्या रांगेत तो कागद दोघांच्याही ध्यानातून गेला. वही भरली, माळ्यावर गेली. गेल्या दिवाळीत उंदरांनी माळ्यावर उच्छाद मांडला म्हणून सगळं खाली काढलं, तेव्हा वेष्टणातून तो निघाला. शाळेच्या वहीचं दुरेघी पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. शाळेत शिकवतात तसं मायन्यासकट. नावं आणि गाव गाळून, शुद्धलेखन थोडं नीट करून ते इथे देतो. त्यातले दादा म्हणजे तिचे वडील.

"ती. दुकानदार मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.
पत्र लिहिण्यास कारण की उद्या पहाटे आमची गाडी आहे. डॉक्टरांनी तपासलं, आमच्या टोळीत कोणाला ताप नाही. दादा सांगतात तसं मी लिहिते. दादांना लिहिता येत नाही, सही येते.
तुमच्या वहीमुळे आमचे पैसे फिटले. दादा म्हणतात लग्न झाल्यापासून तोडीला येतो, पहिल्यांदा अंगावर काही न ठेवता गावाला चाललो. आई म्हणाली मामांना सांग, आईने पण मोळ्या उचलल्या आहेत, तिला आधी माहीत नव्हतं आपण किती टन तोडला. आता तिला पाठ आहे, दोनशे छप्पन.
मुकादम मामा रागवले होते पण नंतर बोलले. ते म्हणाले पुढल्या साली ही वही तूच लिही. पण दादा म्हणतात पुढल्या साली आमच्या मर्जीनं यायचं तर येऊ, नाहीतर गावाकडं सोयाबीनचं काम करू. मला शाळेत ठेवणार म्हणालेत, आजीपाशी.
तुमच्या उधारीचे तीनशे चाळीस रुपये मामींकडं दिलेत. दोन साबण आणि काडेपेटी त्यात धरली आहे का बघा, मी धरली आहे.
टिंबाच्या पुढचे किलो शिकवलेत त्याबद्दल मी आभारी आहे.
मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद."

खाली मुलीची सही आणि शेजारी बापाची, वेगळ्या पेनाने, अक्षर अक्षर सुटं.

मी साखर धंद्यातला जाणकार नाही. पण या पत्रातल्या एका ओळीपाशी मला थांबावंसं वाटतं. बाईला आपण किती टन तोडला हे माहीत नव्हतं. कोयत्यातलं अर्धं काम तिचं असतं, बहुतेक वेळा अर्ध्याहून जास्त, कारण पहाटे चारला उठून भाकरी थापून मग ती फडात जाते. उचल मात्र नवऱ्याच्या हातात पडते, अंगठा त्याचा, हिशोबाला बसतो तो. मुकादमाच्या कागदावर बाईचं नाव कुठेच नसतं. तिने दिलेल्या पाच महिन्यांचा एकही लेखी पुरावा राज्यात कुठल्या कार्यालयात सापडणार नाही. अपघात झाला, दुखणं निघालं, तर ती त्या हंगामात त्या कारखान्याला तोडत होती हे सिद्ध करायला तिच्याजवळ काय आहे?

दुसरी गोष्ट अशी, की हा हिशोब जुळला तो निव्वळ योगायोगाने. माझं दुकान रस्त्यावर होतं, ड्रायव्हरला चहाची सवय होती, पुरामुळे मला उधारीची धास्ती होती आणि टोळीत एक शिकलेली चुणचुणीत पोर होती. यातलं एक जरी नसतं तरी सात खेपा गेल्याच होत्या. बैलगाडीच्या टोळ्यांत प्रत्येक गाडी स्वतःच्या कोडवर वजन करते, तिथे ही गल्लत कमी होते. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या डोकी सेंटरवर, जिथे दहा-पंधरा कोयत्यांचा ऊस एका वाहनात जातो आणि वाहन मोडतं, बदलतं, रात्री दुसऱ्याच शेतात वळवलं जातं, तिथे टोळीचा टन वाहनाबरोबर वाहून जातो. आजच्या ३६६ रुपये दराने त्याच सात खेपा धरल्या तर कोयत्याला साडेचार हजारांच्या जवळपास फटका बसेल. दर वाढवून दिला आणि टन सांगितला नाही, तर वाढलेल्या दराने बुडणारी रक्कमही वाढते.

आता माझी मागणी.

पावतीवर आणि काट्याच्या संगणकात वाहनाच्या कोडबरोबर टोळीचा स्वतंत्र क्रमांक घ्यावा. ट्रॅक्टर कुणाचाही येवो, खेप टोळीच्या नावावर चढली पाहिजे. तोडणीचं बिल टोळीच्या क्रमांकावर काढावं, वाहतुकीचं वाहनाच्या कोडवर. हे दोन्ही आज एकाच गाठोड्यात बांधले गेले आहेत, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

टोळीचा क्रमांक संगणकात आला की शेतकऱ्याला जातो तसाच मेसेज टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला पाठवता येईल. तारीख, पावती क्रमांक, निव्वळ वजन, एवढंच मराठीत. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामार्फत ग्रामसेवकांकडून कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रं देण्याचं काम झालेलं आहे. त्या महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपावर टनाला दहा रुपये घेण्याचं ठरलं. म्हणजे कामगारासाठी पैसे टनावर मोजायचे हे आपण मान्य केलेलंच आहे. मग तोच टन त्याला कळवायला अडचण कसली? करार करतानाच मुकादमाकडून कोयत्यांची यादी ओळखपत्राच्या क्रमांकासह घ्यावी, नवरा आणि बायको दोघांची नावं वेगवेगळी लिहून.

फक्त मेसेजवर मात्र भागणार नाही, हे मी दुकानात बसून रोज पाहतो. हंगामात कोपीत वीज नसते, फोन चार्ज करायला लोक माझ्याकडे ठेवून जातात. रिचार्ज संपलेलं असतं, नंबर बदललेला असतो, घरात एकच फोन आणि तो नवऱ्याच्या खिशात. म्हणून पंधरवड्याचं बिल निघेल तेव्हा टोळीच्या हातात छापील कागदही पडावा. त्यावर खेपांची यादी, टन, दर, कोयत्यागणिक वाटणी, दिलेली खर्ची आणि उचलीतली शिल्लक. चिटबॉय रोज फडात जातोच, तो कागद त्याच्याकडे द्यावा आणि तो टोळीपुढे वाचून दाखवावा. वाचणारं एक तरी माणूस आता प्रत्येक टोळीत असतं. आणि पंधरवड्यात चूक सापडली तर लगेच दुरुस्त होते. हंगाम संपल्यावर पाच महिन्यांच्या पावत्या कोण धुंडाळणार?

यावर कारखान्यांचं नेहमीचं उत्तर मला माहीत आहे : तोडणी कामगार आमचे नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी आहे, पुढे त्याने आणि मुकादमाने पाहावं. कायद्याचा तो वाद जाणकार लढतील. मी मागतो ते कामगारांना आपल्या पटावर घेण्याची गोष्ट नाही. काटा आपला आहे, संगणक आपला आहे, वजनाचा आकडा आपल्याकडे तयार आहे. शेतकरीही कारखान्याचा नोकर नसतो, तरी त्याला आकडा कळवता, कारण त्याचे पैसे त्या आकड्यावर ठरतात. तोडणाऱ्याचेही ठरतात.

मुकादम आणि वाहतूकदारांची बाजूही मी ऐकलेली आहे. लाखो रुपये उचल वाटायची आणि ऐन हंगामात टोळीच येऊ नये, किंवा अर्ध्यातून रातोरात पळून जावी, यात कर्जबाजारी झालेले वाहतूकदार माझ्या गावात आहेत. त्यांचं दुःख खरं आहे. पण त्यांच्याकडेसुद्धा आज पुरावा म्हणून काय असतं? कोऱ्या स्टँपवरचा अंगठा. कुणी किती उचल घेतली आणि किती टन तोडून फेडली हे पंधरवड्याला कारखान्याच्या कागदावर येत गेलं, तर फसवणाराही उघडा पडेल, मग तो कोणत्याही बाजूचा असो. त्या हंगामातला मुकादम चिडला आणि नंतर पुढल्या साली वही तूच लिही म्हणाला, ते त्याच्याही फायद्याचं होतं म्हणूनच.

मा. आयुक्त साहेब, आपल्या कार्यालयाकडून दर हंगामाला गाळप परवाना देताना अटी घातल्या जातात. टोळी क्रमांक आणि पंधरवड्याचा कागद ही त्यात एक अट करता येईल का, ते आपण पाहावं. सगळ्या कारखान्यांना एकदम जमणार नसेल तर ज्यांच्याकडे शेतकऱ्यांना मेसेज जातात त्यांनी आधी सुरू करावं, त्यांच्याकडे यंत्रणा उभीच आहे.

संचालक मंडळांना एक विनंती. पुढच्या हंगामाचे तोडणी-वाहतूक करार उन्हाळ्या-पावसाळ्यातच होतात, उचलीच्या रकमा तेव्हाच सुटतात. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी कुणाच्या हे लक्षात आलं तर तोपर्यंत करारांचे नमुने छापून झालेले असतील. त्यामुळे टोळी क्रमांकाचा रकाना आत्ताच, करारनाम्याच्या नमुन्यात घालावा.

माझी २०१९-२०ची वही, त्यातल्या पावती क्रमांकांसकट, मी जपून ठेवली आहे. कोणत्याही कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांना किंवा आयुक्त कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना बदली वाहनाच्या खेपा कुठे आणि कशा सुटतात हे पाहायचं असेल, तर मी ती घेऊन पुण्याला यायला तयार आहे. फक्त ते पत्र कुणाला देणार नाही. त्यावर एका मुलीचं आणि तिच्या बापाचं नाव आहे, आणि ती माणसं आज कुठे आहेत, पुन्हा तोडीला येतात की नाही, मला ठाऊक नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक किराणा दुकानदार,
कृष्णाकाठ, जि. सांगली